11 केव्ही एपॉक्सी सीटीची पीडी टेस्ट : 45 पिकोकुलंबवाला बरा की 14 वाला?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, 11 केव्हीचे रेझिन कास्ट सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बनवतो. इतके दिवस पीडी, म्हणजे इन्सुलेशनमधल्या पोकळीत होणारा पार्शल डिस्चार्ज मोजायची टेस्ट, बाहेरच्या लॅबमधून करून घ्यायचो, आता सेकंडहँड सेट घेऊन स्वतःच्या टेस्ट एरियात बसवला. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी रोजच्या नोंदी इथे एकत्र टाकतोय.

आमच्यासाठी आकडे असे. सीटी 12 केव्ही क्लासचा, म्हणजे हाय व्होल्टेज टेस्ट 28 केव्ही. आयएस 16227 (आयईसी 61869 वरूनच घेतलेलं) म्हणतं की 28 च्या 80 टक्के, म्हणजे 22.4 केव्हीला किमान 60 सेकंद ठेवा, मग व्होल्टेज न तोडता खाली आणा आणि 12 केव्हीला 50 पिकोकुलंबच्या आत आणि 8.3 केव्हीला 20 च्या आत आलं पाहिजे. हे सॉलिड इन्सुलेशन आणि अर्थ केलेल्या न्यूट्रलच्या सिस्टिमसाठी, न्यूट्रल अर्थ नसेल तर 12 च्या जागी 14.4 केव्ही घ्यायचं.

6 जानेवारी

सर्किट जोडलं. टेस्ट ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे ब्लॉकिंग इम्पिडन्स, मग सीटी आणि त्याच्या पॅरलल 1000 पिकोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, कपॅसिटरच्या खाली मेजरिंग इम्पिडन्स. सीटीची प्रायमरी दोन्ही टोकं शॉर्ट करून हाय व्होल्टेजला.

व्होल्टेज शून्य असतानाच मीटर 18-20 पिकोकुलंब दाखवत होता. बॅकग्राउंड लिमिटच्या निम्म्याच्या आत पाहिजे, म्हणजे 20 मोजायचं तर 10 च्या खाली, त्यामुळे टेस्ट सुरूच करता येईना. एक गोष्ट बरी की जे व्होल्टेज नसतानाही दिसतं ते सीटीतून येत नाही हे नक्की असतं, शोधायचं ते बाहेरच. एकेक मशीन बंद करत गेलो तर क्युरिंग ओव्हनच्या ब्लोअरची व्हीएफडी बंद केल्यावर निम्मं उतरलं. बाकीचं अर्थिंगमधून येत होतं. पॅनलचा अर्थ वेगळ्या पिटला, ट्रान्सफॉर्मरचा वेगळ्या आणि मीटरचा सॉकेटमधून, असे तीन अर्थ होते आणि त्यांच्या लूपमध्ये सगळ्या शेडचा कचरा येत होता.

8 जानेवारी

सगळे अर्थ एकाच पॉइंटला आणले, हिरवी वायर काढून रुंद कॉपर पट्टी टाकली. डिमरच्या आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि लाइन फिल्टर. आता ओव्हन चालू असताना 4-5, बंद असताना 3 च्या आत. शिल्डेड रूम बांधायचं कोटेशन मागवलं होतं, ते बाजूला ठेवलं, आमच्या कामाला याने भागतंय. पट्टी आणि फिल्टरचा खर्च त्याच्यापुढे काहीच नाही. वेल्डिंग मात्र टेस्टच्या वेळेला बंद ठेवायला लागतं, तसं फॅब्रिकेशनवाल्या दादांशी ठरवून घेतलंय.

9 जानेवारी

कॅलिब्रेशन. ही पायरी घाईत उरकू नका कारण पुढचे सगळे आकडे हिच्यावर उभे आहेत. कॅलिब्रेटर म्हणजे एक ठरावीक व्होल्टेजची स्टेप छोट्या कपॅसिटरमधून ढकलणारा डबा, आणि चार्ज निघतो तो साधा गुणाकार:

```
q0 = U0 × C0
```

हा चार्ज सीटीच्या टोकांवर द्यायचा, प्रायमरी आणि अर्थच्या मध्ये. मीटरच्या इनपुटला दिला तर काही उपयोग नाही, कारण सीटीत डिस्चार्ज झाला की त्याचा पल्स सीटीचा स्वतःचा कपॅसिटन्स, कपलिंग कपॅसिटर आणि आजूबाजूचे स्ट्रे यांच्यात वाटला जातो आणि मीटरपर्यंत किती पोचतो ते त्या वाटणीवर अवलंबून. म्हणून सीटीचं मॉडेल बदललं की कॅलिब्रेशन परत. कॅलिब्रेटर सीटीच्या टर्मिनलवरच ठेवून बघितलं आणि लांब वायरने दूर ठेवून बघितलं, दोन्हीत 20 पिकोकुलंबच्या रीडिंगला स्पष्ट फरक पडला, लांब वायर नको. आणि हाय व्होल्टेज द्यायच्या आधी कॅलिब्रेटर काढायचाच. आम्ही त्याच्यासाठी लाल फीत बांधलेला हुक केलाय, कॅलिब्रेटर हुकावर दिसल्याशिवाय गेट बंद होत नाही.

10 जानेवारी

सीटी न लावता रिकामं सर्किट 22.4 केव्हीपर्यंत नेलं. 15 केव्हीच्या पुढे स्क्रीनवर पल्स आले, सगळे एका उंचीचे, सगळे निगेटिव्ह हाफ सायकलच्या शेंड्यावर गोळा झालेले, पॉझिटिव्हमध्ये काहीच नाही. हा हाय व्होल्टेज बाजूच्या टोकदार जागेचा कोरोना. हेच पल्स पॉझिटिव्ह शेंड्यावर असते तर टोक अर्थ बाजूला शोधायचं. शेडचे लाइट घालवून बघितलं तर जोडणीच्या वायरचे सुटलेले तंतू. वायर काढून ॲल्युमिनियमचा गुळगुळीत पाइप टाकला, टोकांना गोळे. सीटीच्या प्रायमरी टर्मिनलचे बोल्टही टोकदारच असतात, त्यांच्यावर बसतील अशा गोल टोप्या लेथवर करून घेतल्या. आता 22.4 केव्हीला रिकामं सर्किट शांत आहे.

रिकामं सर्किट शांत झाल्याशिवाय एकही सीटी लावू नका. नाहीतर दिसतंय ते माल आहे की वायर, हा वाद कास्टिंग डिपार्टमेंटबरोबर दिवसभर चालतो.

13 जानेवारी

पहिला लॉट लावला. पहिल्याच सीटीला जेमतेम 3 केव्हीला 400 च्या वर रीडिंग, पल्स सगळे एकसारखे, समान अंतरावर, व्होल्टेज वाढवलं तर उंची तीच राहून फक्त संख्या वाढते. असं दिसलं की रेझिनवर संशय घ्यायच्या आधी काहीतरी धातू अधांतरी राहिलाय का बघायचं. दुसऱ्या कोअरची सेकंडरी ओपन राहिली होती. सगळ्या सेकंडरी शॉर्ट करून बेसप्लेटसकट अर्थ केल्या, 400 चं रीडिंग गायब, बॅकग्राउंडवर आलं.

संक्रांतीच्या आधी लॉट संपवायचा होता. बहुतेक सीटी 5 च्या आत. दोन मात्र वेगळे निघाले, त्यांना इथे अ आणि ब म्हणतो.

अ : 22.4 वरून खाली येताना 12 केव्हीला 45 पिकोकुलंब, 8.3 ला बॅकग्राउंडशिवाय काही नाही.

ब : 12 केव्हीला 19, 8.3 ला 14.

दोन्ही पास! 45 हे 50 च्या आत, 14 हे 20 च्या आत. कास्टिंगवाले काका म्हणाले, "अ जरा काठावर आहे, ब चांगलाय, जाऊ द्या दोन्ही." रिपोर्टवर नुसते आकडे बघितले तर कोणीही हेच म्हणेल. पण मला ब चं लक्षण बरं वाटत नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूला काढून ठेवले.

15 जानेवारी

अ आणि ब परत लावले. या वेळी हळूहळू व्होल्टेज वाढवत सुरू होतं कधी, आणि कमी करत विझतं कधी, ते लिहिलं. 

अ ला डिस्चार्ज 11 केव्हीच्या आसपास सुरू झाला, 9.5 ला विझला. पल्स दोन्ही हाफ सायकलमध्ये सारखेच, व्होल्टेज शून्याकडून शेंड्याकडे चढत असताना येणारे, शेंडा गेला की थांबणारे. ही रेझिनच्या आत, धातूला न चिकटलेल्या पोकळीची खूण. 

ब ला 6.9 केव्हीला सुरू, आणि खाली आणताना विझायला 5.8 पर्यंत यावं लागलं. पल्स लहान पण भरपूर, आणि एका हाफ सायकलमध्ये मोठे, दुसऱ्यात लहान. असा फरक दिसला की पोकळीची एक बाजू धातूची किंवा कंडक्टिव्ह थराची असण्याची शक्यता जास्त.

आता हे फील्डमधल्या व्होल्टेजशी जोडून बघा. 11 केव्ही लाइनवर सीटीला अर्थपर्यंत 11 भागिले √3, म्हणजे 6.35 केव्ही रोज मिळतं. अ चा डिस्चार्ज 9.5 च्या खाली विझतो, म्हणजे एखाद्या सर्जने पेटला तरी सर्ज गेल्यावर थांबेल. ब चा 5.8 पर्यंत विझत नाही. एकदा पेटला की 6.35 वर चालूच राहणार, दर सेकंदाला 50 सायकल, वर्षानुवर्षं, आणि एपॉक्सीला हळूहळू पोखरत नेणार. कमी पिकोकुलंबवाला सीटी जास्त धोक्याचा!

17 जानेवारी

दोन्ही कापायचे ठरवले. तयार माल कापायचा म्हटल्यावर साहेबांना पटवायला वेळ लागला, पण नुसत्या ग्राफवर कास्टिंगची प्रोसेस बदला म्हणून कोणी बदलत नाही.

बँडसॉवर साधारण 10 मिमीचे काप, सावकाश, पाणी सोडत. एपॉक्सीत सिलिका भरलेली असते, धूळ फुफ्फुसात जाते, मास्क लावूनच करा. ब्लेडही लवकर बोथट होतं, जास्तीचं जवळ ठेवा.

अ चा बुडबुडा चौथ्या कापात नुसत्या डोळ्यांनी दिसला, प्रायमरी बारच्या कोपऱ्याजवळ, साधारण दीड मिमीचा गोल, आतून चकचकीत.

ब मध्ये काहीच दिसेना. सगळे काप उन्हात धरून बघितले, स्वच्छ. काका म्हणाले, "तुमचं मशीनच खोटं बोलतंय." मग वेल्ड तपासायचं लाल डाय पेनेट्रंट फॅब्रिकेशनमधून आणलं, कापांवर लावलं, थोडा वेळ ठेवून पुसलं आणि पांढरा डेव्हलपर मारला. मिनिटभरात सेकंडरी रिंगच्या आतल्या कडेला केसासारखी लाल रेघ उमटली, दोन कापांतून सलग. रेझिन रिंगच्या आतल्या पृष्ठभागापासून सुटलं होतं. फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान आत सरकलं, जाड जागी फट 0.2 मिमीच्या आसपास. काका मग स्वतःच बाकीच्या कापांवर डाय लावत बसले.

20 जानेवारी

एवढी बारीक फट दीड मिमीच्या बुडबुड्याच्या आधी का पेटते, त्याचं गणित कागदावर केलं. थिअरी जास्त सांगत नाही पण एवढं हातात असू द्या.

```
E = 12 kV × 1.414 / 10 mm = 1.7 kV/mm
```

प्रायमरी आणि रिंगमध्ये आमचं 10 मिमी रेझिन आहे, त्यामुळे सरासरी फील्ड एवढं, शेंड्याचं. कोपऱ्या-कडांजवळ ते अंदाजे दुप्पट धरलं, 3.4. एपॉक्सीची परमिटिव्हिटी 4 च्या जवळपास. गोल बुडबुड्यात फील्ड आजूबाजूपेक्षा साधारण 1.33 पट होतं, म्हणजे 4.5. फील्डला आडव्या चपट्या फटीत मात्र ते जवळजवळ पूर्ण 4 पट होतं, 13.6. हवेला 0.2 मिमीत फुटायला साधारण दीड हजार व्होल्ट लागतात, फटीवर 12 केव्हीला पडतात 2700. म्हणजे फट पेटणार 12 गुणिले 1.5 भागिले 2.7, अंदाजे 6.7 केव्हीला. मोजलेलं 6.9. कडेचं दुप्पट हा आमचा अंदाजच, तेव्हा इतकं जुळलं त्यात थोडं नशीबही आहे, पण दिशा बरोबर आहे. दीड मिमी बुडबुड्याला मात्र आत हवा असेल तर 4 केव्ही प्रति मिमीच्या आसपास लागतं, म्हणून तो 11 पर्यंत थांबला.

आता पिकोकुलंब. मीटर जे दाखवतो ते सीटीच्या टोकांवर जाणवणारा चार्ज आहे, पोकळीत खरोखर उडालेला चार्ज त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो बाहेरून मोजायची सोय नाही. टोकांवर किती जाणवणार ते साधारण पोकळीच्या आकारमानाप्रमाणे वाढतं आणि इन्सुलेशन जितकं जाड तितकं कमी होतं. अ चा बुडबुडा जाडजूड, एका झटक्यात सगळा डिस्चार्ज होतो, म्हणून 45. ब ची फट लांब होती पण पातळ, आणि एका वेळी फटीचा एखादा ठिपकाच डिस्चार्ज होतो, शेजारचा ठिपका नंतर, म्हणून पल्स लहान आणि भरपूर. म्हणजे 14 वरून दोष किती पसरलाय ते कळत नाही, एका वेळी किती जागा पेटते एवढंच कळतं.

22 जानेवारी

कारणं शोधायला कास्टिंगमध्ये बसलो. अ चं लवकर सापडलं. रेझिनची टाकी तळाला आली की होजमधून हवा ओढली जात होती आणि शेवटच्या मोल्डमध्ये जात होती. टाकीत शिल्लक ठेवूनच फिलिंग थांबवायचं, भरल्यावर व्हॅक्यूम थोडा वेळ धरून मग हळूहळू हवा सोडायची म्हणजे उरलासुरला बुडबुडा दाबला जातो, आणि सिलिका ओव्हनमधून गरम काढूनच वापरायची. 

ब ला वेळ लागला. रेझिन क्युअर होताना आणि थंड होताना आकसतं. बाहेरून बारवर आकसलं तर बारला घट्ट धरतं, पण रिंगच्या आतल्या भोकातलं रेझिन आकसलं की रिंगपासून दूर जातं. नेमकी तिथेच फट होती. आणि जानेवारीत नाशिकची रात्रीची थंडी तुम्हाला माहितीये, रात्रपाळीत मोल्ड गरम असतानाच उघडून सीटी शटरजवळ ठेवत होते, लवकर थंड व्हावा म्हणून. दिवसपाळीच्या मालात हे कमी होतं, रजिस्टर उलगडून बघितल्यावर ब रात्रपाळीचाच निघाला.

27 जानेवारी

दोन बदल केले. एक, ओव्हन बंद केल्यावर दार न उघडता माल आतच 50 डिग्रीपर्यंत येऊ द्यायचा. यात रोजची एक बॅच कमी होते, प्रॉडक्शनवाले नाराज आहेत.

दुसरा बदल महत्त्वाचा आहे. रिंगवर आधी मऊ कुशनची टेप, तिच्यावर अर्ध्या ओव्हरलॅपने सेमीकंडक्टिव्ह टेप, आणि तिला अर्थची लीड. आकसणं पूर्ण थांबवता येत नाही, पण आता फट पडलीच तर ती कुशनमध्ये, सेमीकंडक्टिव्ह थराच्या आतल्या बाजूला पडते, आणि तिथे फील्डच नसतं, मग पेटणार काय? वायंडिंगच्या ताईंना दोन गोष्टी परत परत सांगितल्या: अर्थची लीड विसरली तर तो थर अधांतरी राहून 13 तारखेसारखा भलताच डिस्चार्ज देईल, आणि थराने कोअरभोवती बंद वळसा पूर्ण करायचा नाही, जोडावर इन्सुलेशनची पट्टी मध्ये घालायची, नाहीतर शॉर्टेड टर्न होऊन ॲक्युरसी बिघडू शकते.

5 फेब्रुवारी

नवीन लॉट. ब सारखा एकही नाही. पण एका सीटीने घोळ घातला. 22.4 ला मिनिटभर, मग 12 केव्ही, मग 8.3, सगळीकडे स्वच्छ, पास. सहज म्हणून परत 12 केव्हीला नेऊन सोडून दिला, दहाबारा मिनिटांनी एकदम 30 पिकोकुलंब सुरू झाले आणि सुरूच राहिले.

याचं कारण असं की नव्या कोऱ्या पोकळीत पुरेसं व्होल्टेज असलं तरी सुरुवात करायला एक मोकळा इलेक्ट्रॉन लागतो, आणि छोट्या बंद पोकळीत तो मिळायला कधी कधी मिनिटं जातात. 22.4 चा प्रीस्ट्रेस त्यासाठीच असतो, पण त्या 60 सेकंदांत इलेक्ट्रॉन मिळेलच असं नाही. कापल्यावर याच्यात मिलिमीटरभराचा बुडबुडा निघाला, फिलिंगचाच. शेवटचा मोल्ड होता.

उलटंही होतं ते लक्षात ठेवा. दुसऱ्या एका जुन्या नगाला अर्धा तास 12 केव्हीवर ठेवला तर 38 वरून 9 वर उतरला. "बरा झाला" असं कोणी म्हणायला नको. डिस्चार्जमुळे पोकळीच्या भिंतीवर काजळीसारखे पदार्थ बसून ती थोडी कंडक्टिव्ह होते आणि पल्स दिसायचे कमी होतात, दोष तिथेच असतो. म्हणून फेल झालेला नग खूप वेळ व्होल्टेजवर ठेवून परत टेस्टला लावायला आता बंदी आहे.

12 फेब्रुवारी

आमची शीट बदलली. आयएसचे दोन्ही आकडे तर आहेतच, शिवाय प्रत्येक नगाचं सुरू व्हायचं आणि विझायचं व्होल्टेज, पल्स कुठल्या फेजला, दोन हाफ सायकल सारख्या की वेगळ्या, त्या दिवशीचं बॅकग्राउंड आणि कॅलिब्रेशन. घरचा नियम असा केला की व्होल्टेज खाली आणताना 8.3 केव्हीच्या आधी डिस्चार्ज विझला पाहिजे, पिकोकुलंब कितीही कमी असोत. लॉटमधल्या शेवटच्या मोल्डच्या नगाला 12 केव्हीवर पंधरा मिनिटं. एका नगाला वेळ जवळपास दुप्पट लागतो, त्याला इलाज नाही.

या टेस्टला काय दिसत नाही तेही शीटच्या खाली लिहिलंय: जी पोकळी पेटत नाही ती दिसत नाही, रेझिनमधला ओलावा दिसत नाही, कमी क्युअर झालेलं रेझिन दिसत नाही. त्यांच्यासाठी टॅन डेल्टा आणि क्युअरिंगचं सॅम्पल वेगळं.

पुढच्या महिन्यात 33 केव्हीचा सीटी घ्यायचाय. तिथे रेझिन जवळपास अडीच पट जाड, म्हणजे तोच दीड मिमीचा बुडबुडा तितक्याच पटीने कमी, 18 च्या आसपास दाखवेल, आणि लिमिट मात्र तेच 50 आणि 20. त्यामुळे त्या शीटवर विझायच्या व्होल्टेजचा कॉलम पिकोकुलंबच्या आधी टाकलाय. 22.4 च्या जागी तिथे 56 केव्ही लागणार, पाइप आणि टोप्या मोठ्या करायला टाकल्यात, रिकामं सर्किट 56 ला शांत झालं की नोंदी पुढे चालू करतो.